ताडपत्री वाऱ्यात ताठ कशी राहील?

ताडपत्री फाटते ती फडफडीने. ढिलं कापड वाऱ्याबरोबर फुगतं, वेग घेतं आणि दोरी संपली की हिसका देऊन थांबतं. हा हिसका संथ ताणापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि तो बहुतेक वेळा एकाच आयलेटवर बसतो. रात्रभर असे शेकडो हिसके बसले की पितळी कडी काठातून उचकटते, तिच्या मागोमाग काठ उसवतो आणि पहाटेच्या सुमाराला एक कोपरा मोकळा होऊन बाकीची ताडपत्री झोडपायला लागतो. म्हणून राहुटी उभारताना खरा प्रश्न ताडपत्री किती जाड आहे हा नसतो. ती दिवसभर आणि रात्रभर एकसारख्या ताणात ठेवता येते का, हा असतो.

हे सगळ्यात जास्त कुणाला लागतं? आषाढी वारीत चालणाऱ्या दिंड्यांना. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघाली की पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी असा मुक्काम बदलत जातो. दिवे घाट चढून वर आलं की माळ मोकळा, जून-जुलैचा पश्चिमेचा वारा सलग, आणि पाऊस मात्र मधूनच येणाऱ्या सरींचा. आज खाली मुरूम, तर चार दिवसांनी उसाच्या पट्ट्यातली काळी चिकट माती. तीच ताडपत्री, तेच बांबू, पण जमीन आणि हवा रोज वेगळी. दिंडीतल्या जेवणाच्या आणि निजण्याच्या आडोशासाठी १२ बाय १५ फुटांची सुती ताडपत्री कशी बांधावी, तेच एक उदाहरण घेऊन सांगतो. डोंगरातल्या मुक्कामाला किंवा शेतातल्या खळ्यावरच्या आडोशाला हीच रीत चालते.

आधी कापडाचा आणि दोरीचा स्वभाव, कारण पुढची प्रत्येक गाठ त्यावर ठरते. सुती कापड भिजलं की धागा फुगतो. फुगलेल्या धाग्यांमुळे विणीतली भोकं बुजतात, म्हणून पाणी आत येत नाही. पण त्याच फुगण्याने कापड आखडतं. पिळाची सुती किंवा तागाची दोरीसुद्धा भिजल्यावर आखूड होते. म्हणजे कोरड्या दुपारी तुम्ही कडक ताणलेली राहुटी पहिल्या सरीत स्वतःच आणखी ताणली जाते. मग एक तर मेख उपटते, नाहीतर आयलेट तुटतं. नायलॉनचं नेमकं उलट असतं. ते भिजलं की लांबतं, म्हणून नायलॉनचे तणावे पावसात ढिले पडतात आणि फडफड सुरू होते. पॉलिएस्टरची दोरी ओली-कोरडी जवळपास सारखीच राहते, पण दिंडीच्या ट्रकमध्ये बहुधा जी मिळेल ती दोरी असते. कोणतीही असो, लांबी बदलणारच. गाठ न सोडता ती बदलता आली पाहिजे. सरकती गाठ लागते ती यासाठी.

नवी कोरी ताडपत्री असेल तर वारीला निघण्याआधी ती एकदा सैल बांधून पूर्ण भिजवा आणि तशीच वाळू द्या. पहिलं आखडणं घरीच होऊन जातं आणि शिवणीतली सुईची भोकं दोरा फुगून बुजतात.

आता जोर किती येतो ते बघू. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला जेमतेम २ किलो असतो. वारा ४० वर गेला की वेग दुप्पट, पण दाब चौपट, म्हणजे साडेसात किलो. आपल्या राहुटीची वाऱ्याकडची बाजू ९ बाय १५ फुटांची ठेवणार आहोत, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. ती उभी भिंत धरली तर ४० च्या वाऱ्यात ९० किलोच्या वर रेटा बसेल. तिरकी ठेवली की वारा वरून सरकून जातो आणि हा आकडा बराच खाली येतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूचा काठ जमिनीला टेकवायचा आणि कापड तिरकं वर न्यायचं. वर गेलेला वारा आढ्यापलीकडे कापडाला वर ओढतो, त्यामुळे आडोशाच्या बाजूचे तणावेही तितक्याच काळजीने बांधायचे. पुढचं घट्ट, मागचं कसंतरी, अशी राहुटी मागून उलटते.

जागा पक्की झाली की वारा कुठून येतो ते मूठभर माती किंवा वाळलेलं गवत सोडून बघा. ताडपत्रीची १५ फुटांची बाजू वाऱ्याला आडवी ठेवा. साधारणपणे आयलेट तीन-तीन फुटांवर असतात, म्हणजे १२ फुटांच्या काठावर पाच. वाऱ्याकडच्या काठापासून नऊ फुटांवर जे आयलेट येतं तिथे आढं धरा. तीन फुटांचा भाग आडोशाच्या बाजूला छज्ज्यासारखा उरतो. आढं साडेपाच फूट उंच ठेवलं तर नऊ फुटांचं कापड आढ्याच्या रेषेपासून सात फुटांवर जमिनीला टेकतं. पंगत बसायला आणि रात्री दहा-बारा जणांना आडवं व्हायला एवढी जागा पुरते.

आढ्यासाठी स्वतंत्र दोरी घ्या, ८ ते १० मिलिमीटर जाडीची, ४० फूट लांब. ताडपत्री या दोरीवर टाकायची. कापड स्वतः आढं होऊ देऊ नये, कारण मग सगळा भार दोन टोकांच्या आयलेटवर येतो. बांबू साडेपाच फुटांवर, पेराच्या लगेच वर कापा, म्हणजे तोंड चिरत नाही. आढ्याची दोरी त्याच्या माथ्याशी दोन वेढ्यांच्या क्लोव्ह हिचने अडकवा आणि तशीच पुढे जमिनीकडे न्या. बांबूपासून मेख साधारण साडेपाच फुटांवर, म्हणजे उंचीइतक्याच अंतरावर ठेवली की दोरी ४५ अंशांत उतरते. मेख जवळ घेतली तर दोरी बांबूला खाली दाबते आणि मेखेला वर उपटते. आडवा आधार कमी पडतो. मऊ जमिनीत बांबूच्या बुडाखाली चपटा दगड ठेवायला विसरू नका, नाहीतर रात्रीत बांबू चार बोटं खचतो आणि सगळे तणावे एकदम सैल होतात.

आढ्याची दोरी एका बाजूला बोलाइनच्या फाशाने मेखेला अडकवा. दुसऱ्या बाजूला ट्रकवाल्यांची गाठ. मालावर ताडपत्री आवळताना क्लीनर जी मारतो तीच. मेखेच्या तीन फूट अलीकडे दोरीत सरकफास घ्या. फाशात ओढायचा भाग मोकळ्या टोकाकडचा असू द्या. उलट घेतला तर जोर येताच फासा मिटतो, एकदा ओढून पाहिलं की लगेच कळतं. मोकळं टोक मेखेभोवती फिरवून त्या फाशातून काढा आणि मेखेकडे ओढा. हाताच्या जोराच्या दुपटीच्या आसपास ताण सहज मिळतो. मग फाशाजवळ दोरी चिमटीत धरून दोन अर्ध्या गाठी मारा. मात्र आढं तारेसारखं सरळ करायच्या नादी लागू नका. दोरी जितकी सपाट, तितका मधल्या भारासाठी तिच्यातला ताण वाढत जातो. मध्यावर वजन टांगलं आणि दोन्ही बाजू आडव्यापासून १० अंश उतरल्या असतील, तर दोरीत त्या वजनाच्या जवळपास तिप्पट ताण असतो. ५ अंशांवर तो पावणेसहापट होतो. ओल्या ताडपत्रीसाठी आढ्यात तळहाताएवढा झोळ राहू द्यावा.

आता मुख्य गाठ. टॉटलाइन हिच नावाची ही गाठ तणाव्यासाठीच आहे. ती दोरीवर हाताने सरकते, पण ताण आला की जागीच आवळते. आडोशाच्या बाजूचा एक तणावा समोर धरा. वरचं टोक आयलेटला बांधलेलं आहे, दोरी मेखेकडे उतरली आहे. मोकळं टोक मेखेच्या बाहेरून फिरवून आत आणा आणि ताणलेल्या दोरीच्या बाजूने वर न्या, साधारण हातभर. आता मेख आणि दोरीची ही दोन पदरं मिळून एक लांबट फासा तयार झाला आहे. मोकळं टोक ताणलेल्या दोरीवरून टाकून तिच्याभोवती फाशाच्या आत एक वेढा द्या. दुसरा वेढाही आतच, पहिल्याच्या खाली, मेखेच्या बाजूला. मग टोक दोन्ही वेढ्यांवरून वर, फाशाच्या बाहेर आयलेटच्या बाजूला न्या आणि तिथे त्याच दिशेने तिसरा वेढा देऊन टोक त्याच्याखालून काढा. आधी टोक ओढून वेढे एकमेकांना चिकटवा, मगच गाठ सरकवा. गाठ आयलेटकडे ढकलली की फासा मोठा होतो आणि तणावा ताठ होतो. मेखेकडे ओढली की सैल.

गाठ बरोबर झाली का, ते बघायला वेढ्यांकडे नीट पाहा. तिन्ही वेढे एकाच दिशेने फिरलेले दिसले पाहिजेत. शेवटचा उलट फिरला तर वेगळी गाठ होते. तीही धरते, पण सारखी ओळखू येणारी गाठ बांधलेली बरी, रात्री अंधारात बोटांनी चाचपून सैल करायची असते. गाठ सरकते का ते डोळ्यांनी कळत नाही, म्हणून ती मारल्यावर तिच्या लगेच वर ताणलेल्या दोरीवर खडूने किंवा चिखलाच्या बोटाने एक खूण करा. तासाभराने गाठ आणि खूण यांच्यात अंतर पडलं असेल, तर गाठ घसरते आहे. सुती दोरीवर हे क्वचित होतं. गुळगुळीत, ताठर प्लॅस्टिकच्या दोरीवर हमखास होतं. तिथे आतल्या बाजूला दोनऐवजी तीन वेढे द्या आणि वरच्या टोकाला एक जादा अर्धी गाठ मारा. तरीही घसरत असेल तर ती दोरी तणाव्याला वापरू नका. सुती दोरीत उलटा त्रास आहे. भिजल्यावर गाठ आवळून बसते. पाऊस यायच्या आधीच ती एकदा सरकवून बघितली असेल, तर भिजल्यावरही वेढे अंगठ्याने मागे ढकलून मोकळे करता येतात.

तणाव्याची दिशाही जपायची. छज्ज्याचं कापड आढ्यापासून ज्या उताराने येतं, त्याच सरळ रेषेत दोरी मेखेपर्यंत गेली पाहिजे. ३५ अंशांच्या उताराला तीन फुटांच्या छज्ज्याचा काठ जमिनीपासून पावणेचार फुटांवर येतो आणि पुढे सहा-साडेसहा फूट दोरी लागते. गाठीसाठी आणि सरकवण्यासाठी तीन-साडेतीन फूट जास्त धरून १० फुटांचे तुकडे कापा. कोपऱ्याचे तणावे दोन्ही काठांच्या मधोमध, तिरके बाहेर जावेत. कोपरा फक्त पुढे ओढला तर १५ फुटांचा काठ झोळतो, फक्त बाजूला ओढला तर छज्जा लोंबतो.

दोरी थेट आयलेटमधून ओवू नये असं माझं ठाम मत आहे. कडीची धार दोरी कापते आणि दोरीचा घासता मार कडीला हलवतो. आयलेटमधून जाड सुती दोरीचा छोटा फासा आधी ओवून ठेवा, तो काठाच्या जाड शिवणीवर बसतो, आणि तणावा त्या फाशात बोलाइनने बांधा. बोलाइन कितीही ताणली तरी नंतर सुटते. आयलेट आजारी आहे हे आधी कळतं: गोल भोक अंडाकृती होतं, कडीचा एक काठ कापडातून किंचित वर उचलतो, आणि तिच्याभोवतीचे धागे पांढरे, ओढलेले दिसतात. असं आयलेट दिसलं की त्यावर भार ठेवू नका. त्याच्यापासून वितीभर आत, कापडाखालून लिंबाएवढा गुळगुळीत गोटा धरा, कापड त्यावर गोळा करा आणि गोट्यामागच्या कापडाच्या मानेला क्लोव्ह हिच आवळा. भार मग एका भोकावर न येता हातभर रुंदीच्या कापडावर पसरतो. फाटलेल्या काठाला याहून चांगला तात्पुरता इलाज मला माहीत नाही.

उभारताना क्रम पाळा, नाहीतर कापड हातात असतानाच वारा ते नेतो. ताडपत्री जमिनीवर पसरून आधी वाऱ्याच्या काठावरच्या सहाही आयलेटना मेखा ठोका. मग आढ्याची दोरी कापडाखालून घालून आडोशाच्या बाजूने दोन बांबू उभे करा, आढं ट्रकवाल्यांच्या गाठीने ताणा, आणि आढ्यावरची दोन आयलेट छोट्या दोरीने आढ्याला बांधा. प्रत्येक बांबूच्या माथ्यापासून वारा येतो त्या बाजूला एक तणावा, कापडाच्या बाहेरून, सात-आठ फुटांवर. हा बांबूला धरतो, म्हणजे वाऱ्याचा रेटा आला की आयलेटऐवजी ही दोरी भार घेते. सगळ्यात शेवटी छज्ज्याचे तणावे: आधी दोन्ही कोपरे हलके, मग मधले चार, मग परत कोपरे. एका फेरीत पूर्ण ताण देऊ नका. पहिला कोपरा पूर्ण आवळला की बाकीचं कापड त्याच्यामागे ओढलं जातं.

ताण बरोबर आहे का, ते सुरकुत्या सांगतात. सुरकुती नेहमी जास्त ताणाच्या रेषेत धावते. एका आयलेटपासून पंख्यासारख्या सुरकुत्या निघाल्या असतील, तर तिथे जास्त भार आहे आणि शेजारची दोन सैल आहेत. तिथलं आणखी ओढण्याऐवजी शेजारची सरकवा. कोपऱ्यापासून आढ्याच्या टोकापर्यंत एकच तिरकी घडी दिसली, तर त्या बाजूचा बांबू कललेला असतो. कापडाचं पोट खाली आलं असेल तर तिथे पाणी साचेल, आणि १० लिटर पाणी म्हणजे १० किलो, तेही वाऱ्यात हलणारं. ताठ कापडावर तळहात मारला की तबल्यासारखा आवाज येतो. पाऊस पडत असताना मात्र आतून कापडाला बोट लावू नका. स्पर्श झाला की तिथून थेंब गळायला लागतो.

मेख उपटली तर गाठींचा काही उपयोग नाही. डोकं राहुटीपासून बाहेर कलवून, दोरीशी जवळपास काटकोन करून, दोन तृतीयांश लांबी आत जाईपर्यंत ठोका आणि दोरी मातीला लागून बांधा. मुरमात १२ मिलिमीटरची लोखंडी सळई, दीड फुटांची, चालते. ओल्या काळ्या मातीत ती लोण्यात गेल्यासारखी जाते आणि तशीच बाहेर येते. तिथे दोन मेखा एकामागे एक ठोका आणि पुढच्या मेखेचं डोकं मागच्या मेखेच्या बुडाशी बांधा. चिखल फारच असेल तर पोत्यात माती भरून, दोरी त्याच्या मधोमध बांधून, फूटभर खोल पुरा आणि वरून तुडवा.

संध्याकाळी, ढग दिसले की एक फेरी मारा. दोरी सुती असेल तर प्रत्येक तणावा दोन बोटं सैल करा. नायलॉन असेल तर पहिल्या सरीनंतर पुन्हा आवळा. पाऊस थांबून ऊन पडलं की सुती दोऱ्या आणि कापड वाळून ढिले होतात, आणि सकाळी नऊ-दहाला वारा वाढतो तेव्हा राहुटी नेमकी सैल असते. मुक्कामाच्या दिवशी बरंच नुकसान याच वेळी होतं, कारण रात्र निभावली म्हणून कुणी बघत नाही. दिंडीत एकाने हे काम अंगावर घ्यावं. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही.

याला मर्यादा आहे. मोठ्या फांद्या हलायला आणि विजेच्या तारा शिट्टी वाजवायला लागल्या की वारा ताशी ४० किलोमीटर गाठतो. त्यात वर सांगितलेली बांधणी टिकते, पण एक माणूस जागा हवा. अख्खी झाडं हलायला लागली आणि वाऱ्याविरुद्ध चालताना जोर लावावा लागला तर तो ५० च्या पुढे गेलेला असतो. तेव्हा ताडपत्री उभी ठेवू नका. आडोशाचे तणावे गाठी सरकवून सैल करा, माणसं आणि सामान बाहेर काढा, बांबू आत ओढा, आढं खाली येऊ द्या आणि कापडाच्या काठांवर पोती, दगड ठेवा. वाऱ्याकडच्या मेखा सगळ्यात शेवटी काढा. आणि चूल किंवा स्टोव्ह ताडपत्रीखाली कधीच नको, वारा असो वा नसो.

निघताना गाठी सोडून दोऱ्या सुट्ट्या गुंडाळा, मेखांवरचा चिखल पुसा. कापड ओलं असेल तर तसंच घट्ट गुंडाळून ट्रकच्या तळाशी टाकू नका. दोन-तीन दिवसांत काळे ठिपके येतात आणि धागा कुजतो. पुढच्या मुक्कामाला पोहोचल्यावर ते लगेच मोकळं पसरून वाळवा, नाहीतर ट्रकच्या टपावर सैल घडी घालून, कडा बांधून, वाटेतच वाळू द्या.